लॉगिन मिळाले, बिल अडले

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत संध्याकाळी एखाद्या लहान सीएनसी युनिटच्या ऑफिसात डोकावून पाहा. संगणकाच्या कडेला एक पिवळी चिठ्ठी चिकटवलेली असते. तिच्यावर नव्या सॉफ्टवेअरचे युजरनेम आणि पासवर्ड लिहिलेले असतात. वर्षाचे पैसे भरून झालेले असतात, ट्रेनिंगही झालेले असते. आणि दारात टेम्पो उभा असताना डिस्पॅच बघणारा मुलगा कार्बन घातलेल्या जुन्या चलनबुकात हाताने चलन लिहीत असतो. अकाउंट बघणाऱ्या मॅडम जुन्याच प्रोग्रामात बिल बनवतात. नव्या सॉफ्टवेअरचे नाव काढले की म्हणतात, "ते अजून सुरू नाही केलं. मास्टर भरायचे राहिलेत."

हे चित्र नाशिकला नवे नाही. सातपूर आणि अंबडमधल्या सुट्या भागांच्या कारखान्यांनी गेल्या वीस वर्षांत कितीतरी प्रोग्राम विकत घेतले आणि कपाटात ठेवले. तोवर नुकसान होत होते ते पैशाचे, आणि कारखानदार ते सोसत होता. आज आम्ही हा विषय अग्रलेखाला घेतो आहोत, कारण नुकसानीचे स्वरूप बदलले आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवर उलाढाल गेलेल्या नोंदणीकृत व्यावसायिकाला व्यावसायिक ग्राहकाचे बिल सरकारी ई-इन्व्हॉइस यंत्रणेत नोंदवावे लागते. २०१७-१८ पासूनच्या कोणत्याही एका आर्थिक वर्षात ही मर्यादा ओलांडली असली, तरी नियम लागू होतो. मधल्या एका चांगल्या वर्षात साडेपाच कोटी करून पुन्हा चारवर आलेला कारखानाही त्यात येतो. बिलाचा तपशील पाठवला की चौसष्ट अक्षरांचा आयआरएन क्रमांक आणि क्यूआर कोड परत येतो, आणि तेच बिल पुढे आपोआप जीएसटीआर-१ विवरणपत्रात जाऊन बसते. पूर्वी शिकताना चुकलेले बिल फाडून टाकता येत होते. आता शिकण्याच्या तासात दाबलेले एक बटण कराची नोंद ठरते.

आणि नेमक्या याच तासाची आखणी नाशिकमध्ये जवळपास सगळीकडे उलटी होते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पहिले सत्र कसे चालते ते आठवा. सॉफ्टवेअरवाल्याचा ट्रेनर येतो, किंवा दूरवरून स्क्रीन ताब्यात घेतो. मेनूच्या डाव्या वरच्या कोपऱ्यापासून सुरुवात होते. कंपनी सेटिंग, लोगो, खात्यांची यादी, पार्टी मास्टर, आयटम मास्टर, गोडाऊन, युजर राइट्स. मग खरेदी, विक्री, स्टॉक. शेवटी रिपोर्ट. दोन-अडीच तासांत ऐंशी पडदे दाखवून होतात, आणि "सर्व मोड्यूल दाखवले" या ओळीखाली मालकाची सही घेतली जाते. माउस पूर्ण वेळ ट्रेनरच्या हातात असतो. ट्रेनरची यात दुष्ट बुद्धी नसते. प्रोग्रामची रचनाच तशी असते, आधी मास्टर, मग व्यवहार, मग अहवाल. पण प्रोग्राम ज्या क्रमाने बांधला त्याच क्रमाने तो शिकवायचा, असा नियम कुठेही नाही. विहीर खणायला वरून सुरुवात करावी लागते, पण पाणी हवे असणाऱ्याला आपण पोहरा देतो.

नव्या ग्राहकाचे पहिले सत्र शेवटाकडून मागे आखावे लागते. आधी ठरवायचे, की या कारखान्याच्या हातात आज कोणती उपयोगी गोष्ट पडणार. मग ती पडण्यासाठी कमीत कमी काय भरावे लागते ते मोजायचे आणि बाकी सगळे पुढच्या खेपेला ठेवायचे. ऐकायला हे सोपे आहे. प्रत्यक्षात कुठे कुठे अडते, ते एक उदाहरण धरून तपशिलात पाहिले पाहिजे.

उदाहरण नमुन्याचे आहे, पण अंबडमधल्या कोणालाही ते ओळखीचे वाटेल. चौदा माणसांचे युनिट, सहा कोटींची उलाढाल. काम जॉबवर्कचे. सातपूरच्या एका मोठ्या पुरवठादाराकडून फोर्जिंग येतात, त्यांच्यावर टर्निंग आणि ड्रिलिंग करून माल परत जातो. माल पार्टीचा, मजुरी आपली. मालकाने नवे सॉफ्टवेअर घेतले आहे आणि मंगळवारी सकाळी दहाला पहिले सत्र ठरले आहे.

खरे सत्र सोमवारी दुपारी सुरू होते, दहा मिनिटांच्या फोनने. ट्रेनरने विचारायचा प्रश्न एकच: "उद्या तुमच्याकडून कोणता माल निघणार आहे?" उत्तर येते, की सातपूरच्या पार्टीचे फ्लँज, दोनशेचा लॉट, दुपारपर्यंत तयार होईल. ट्रेनरने इथेच आणखी एक गोष्ट तपासायची, ती म्हणजे मालाची किंमत. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखाच्या वर किमतीचा माल हलवताना ई-वे बिल लागते. फोर्जिंगची चलनावरची किंमत नगाला २२० रुपये असेल, तर दोनशेचे ४४,००० होतात. म्हणजे ई-वे बिलाची भानगड पहिल्या दिवशी नाही. हाच लॉट चाकणला जाणारा आणि तीन लाखांचा असता, तर पहिल्या सत्रासाठी तो निवडायलाच नको होता. पहिला कागद खरा असावा, पण त्याला एकच दरवाजा ओलांडावा लागावा.

मग तीन कागदांचे फोटो मागवायचे: पार्टीची पीओ, फोर्जिंगसोबत आलेले चलन आणि याच पार्टीला दिलेले शेवटचे बिल. या तीन कागदांत उद्याच्या सगळ्या अडचणी आधीच दिसतात. पीओ नगांत आहे आणि आलेले चलन किलोत आहे, हे फोटोत कळते. ते सत्राच्या मध्यावर कळले तर अर्धा तास एककाच्या वादात जातो. मालक म्हणतो किलो, पार्टीचा माणूस फोनवर म्हणतो नग. आदल्या दिवशी पार्टीला विचारून ठरवले, की हिशेब नगांत ठेवायचा आणि किलो फक्त शेऱ्यात लिहायचे, तर तो अर्धा तास वाचतो.

शेवटच्या बिलावर पाहायच्या त्या दोन गोष्टी, क्रमांक आणि कराचा दर. समजा क्रमांक `AMBAD/2025-26/0413` असा आहे. छापील बिलावर तो वर्षानुवर्षे चालला. पण जीएसटीच्या नियमानुसार बिलाचा क्रमांक सोळा अक्षरांच्या आत हवा, तिरप्या रेघा आणि आडव्या रेघाही मोजून. वरचा क्रमांक अठरा अक्षरांचा आहे. ई-इन्व्हॉइस यंत्रणा तो परत पाठवेल, आणि पडद्यावर लाल अक्षरांत आलेल्या त्या संदेशाने सत्रात बसलेल्या माणसांचा धीर पहिल्याच प्रयत्नाला सुटेल. `AMB/25-26/0413` हा चौदा अक्षरांचा आहे, तो बसतो. शिवाय वर्षाच्या मध्यात प्रोग्राम बदलताना जुनी मालिका पुढे चालवायची की नव्या प्रोग्रामासाठी वेगळी मालिका उघडायची, हा निर्णय ट्रेनरने घ्यायचा नाही. नियम एकापेक्षा अधिक मालिकांना परवानगी देतो. निर्णय सीएने घ्यायचा, आणि तो सोमवारीच घ्यायचा. आमच्या मते नवी मालिका बरी. जुन्या प्रोग्रामात चुकून आणखी एखादे बिल निघाले, तरी दोन बिलांना एकच क्रमांक पडत नाही.

दराची गोष्ट याहून नाजूक आहे. पूर्वी ज्या जॉबवर्कवर बारा टक्के कर होता, त्यातल्या बऱ्याच कामांचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून अठरा झाला. पण जुन्या प्रोग्रामातून एक्सेलमध्ये काढलेल्या आयटम मास्टरला हे ठाऊक नसते. "तुमचे सगळे आयटम एका झटक्यात आत घेतो" असे सांगणारा ट्रेनर कारखान्याचा वेळ वाचवत नाही, सहाशे जुने दर नव्या घरात आणून ठेवतो. त्यातला एक जरी पुढच्या महिन्यात बिलावर गेला, तर फरकाच्या सहा टक्क्यांचा वाद पार्टीशी होतो. म्हणून पहिल्या सत्रात आयटम एकच भरायचा, हाताने, दर आणि ९९८८ ने सुरू होणारा सेवा-कोड सीएला विचारून. बाकीचे आयटम जसजसे त्यांचे बिल निघेल तसतसे भरले जातात. महिन्याभरात चालू असलेले तीस-पस्तीस आयटम आत येतात, आणि उरलेले साडेपाचशे कधीच लागत नाहीत.

सोमवारच्या फोनवरची शेवटची गोष्ट ओटीपीची. पहिल्या लॉगिनला सर्वाधिक सत्रे इथेच मरतात. जीएसटी नोंदणीला दिलेला मोबाइल नंबर अनेकदा मोठ्या भावाचा असतो आणि तो पुण्याला गेलेला असतो. कधी तो निवृत्त झालेल्या वडिलांचा असतो, तर कधी जुन्या कर सल्लागाराचा. सॉफ्टवेअरला ई-इन्व्हॉइस यंत्रणेशी जोडायचे, तर सरकारी पोर्टलवर जाऊन त्या सॉफ्टवेअरच्या मध्यस्थ कंपनीच्या नावाने एक वेगळा एपीआय युजर तयार करावा लागतो आणि त्याला ओटीपी लागतो. खुद्द पोर्टलवर शिरायलाही १ एप्रिल २०२५ पासून सर्वांना दुहेरी पडताळणी सक्तीची आहे. म्हणजे एका सकाळी दोन वेळा कुणाच्या तरी खिशातला फोन वाजणार. तो फोन कुणाचा, आणि तो माणूस दहा ते साडेदहा उचलणार का, हे आदल्या दिवशी ठरले नसेल तर सत्र ठेवूच नये. पुढच्यासाठी उपाय आहे. पोर्टलवर मॅडमच्या नावाने, त्यांच्या स्वतःच्या मोबाइलवर उपयुजर काढता येतो. तो काढून घ्यावा. एकाच युजरवर सगळ्यांनी काम करण्याची आणि पासवर्ड चिठ्ठीवर लिहिण्याची पद्धत यातूनच बंद होईल.

आता मंगळवार, सकाळचे दहा.

खुर्चीत कोण बसते, यावर पुढचे सगळे ठरते. मालक बसू नये. ट्रेनर तर बसूच नये. उद्यापासून जी व्यक्ती हे काम रोज करणार आहे, तिने बसायचे, म्हणजे बिलाला मॅडम आणि चलनाला डिस्पॅचचा मुलगा. माउस त्यांच्या हातात. ट्रेनरने बाजूला उभे राहून बोटाने दाखवायचे, आणि दूरवरून शिकवत असेल तर स्क्रीन पाहायची पण ताबा घ्यायचा नाही. ट्रेनरच्या हाताने बारा मिनिटांत निघणारे बिल मॅडमच्या हाताने चाळीस मिनिटे घेईल. ती चाळीस मिनिटे म्हणजेच ट्रेनिंग. कुठले बटण शोधायला त्यांना वेळ लागला, कुठे त्यांनी जुन्या प्रोग्रामाच्या सवयीने एंटर दाबला, हे ट्रेनरला त्यातच दिसते.

लॉगिन झाल्यावर पासवर्ड मॅडमनी स्वतः बदलायचा. मग चारच नोंदी. कंपनीची, पण फक्त जीएसटीआयएन, पत्ता आणि पिनकोड एवढीच. लोगो नंतर. पार्टीची, जीएसटीआयएन पीओवरून जशीच्या तशी उतरवून. अंबडचा पिन ४२२०१०, सातपूरचा ४२२००७. जुन्या बिलांवर हे दोन पिन सर्रास एकमेकांच्या जागी छापलेले सापडतात. दोन्ही नाशिकचेच असल्याने यंत्रणा हरकत घेत नाही, पण पत्ता चुकीचाच राहतो. पिन दुसऱ्या राज्याचा पडला तर मात्र बिल परत येते. तिसरी नोंद आयटमची, एक. चौथी पीओची, नगाला ६५ रुपये मजुरीने.

पुढचा टप्पा पार्टीच्या मालाचा. आलेले चलन चढवायचे, २०० नग. इथे ट्रेनरने थांबून मॅडमना स्टॉकचा एकच पडदा उघडायला लावायचा: या पार्टीचा किती माल आपल्याकडे पडून आहे? उत्तर २००. मग जाणारे चलन. चांगले १९२, फोर्जिंगमध्येच तडा असलेले ५ न करता परत, आणि आपल्या मशीनवर बिघडलेला १. तोच पडदा पुन्हा उघडायचा. शिल्लक २. आणि मग कुणीतरी उठून शॉपवर जायचे आणि ते दोन नग मोजून यायचे.

हे मोजणे आम्ही मुद्दाम आग्रहाने सांगतो. पडद्यावरचा दोन आणि रॅकवरचे दोन जुळले, त्या क्षणी ऑफिसातला माणूस प्रोग्रामवर विश्वास ठेवू लागतो. नाही जुळले, तर चूक आजच सापडते. बहुतेक वेळा ती मशीनवर बिघडलेल्या नगाची असते, कारण तो ऑपरेटरने बाजूला टाकलेला असतो आणि कुठल्याच कागदावर आलेला नसतो. आणि या शिल्लकेला जॉबवर्कच्या धंद्यात पैशाचा अर्थ आहे. कच्चा माल पाठवल्यापासून वर्षाच्या आत परत आला नाही, तर तो पाठवल्या दिवशीच विकला असे कायदा धरतो आणि माल पाठवणाऱ्यावर कर बसतो. पाच कोटींवरच्या पार्ट्या दर सहा महिन्यांनी आयटीसी-०४ विवरणपत्र भरतात. त्याची मुदत २५ ऑक्टोबर आणि २५ एप्रिल. त्याच्या आधीच्या आठवड्यात अंबडमधले फोन वाजू लागतात: "आमचे किती नग तुमच्याकडे बाकी आहेत, लिहून द्या." तेव्हा मागचे चलनबुक काढून दोन दिवस बेरीज करण्याऐवजी एक पडदा उघडता येणे, हा सॉफ्टवेअर घेतल्याचा पहिला खरा फायदा आहे. तो पहिल्या सत्रात, पहिल्या लॉटवर दिसला पाहिजे.

यानंतर बिल. आणि इथेच सगळ्यांत मोठा धोका आहे.

ट्रेनर घाईत असला की थेट खऱ्या यंत्रणेवर "एक टेस्ट बिल काढून बघू" म्हणतो. त्याला थांबवले पाहिजे. खऱ्या यंत्रणेवर टेस्ट बिल नावाची वस्तूच नसते. आयआरएन मिळाला की ते बिल झाले. ते रद्द करायला चोवीस तास मिळतात. रद्द करायचे तर पूर्णच करावे लागते, त्यातली एखादी ओळ बदलता येत नाही. आणि रद्द केलेल्या बिलाचा क्रमांक पुन्हा वापरता येत नाही. तो त्या वर्षासाठी जळाला, आणि जीएसटीआर-१ मधल्या कागदांच्या मोजणीत रद्द म्हणून दाखवावा लागतो. चोवीस तासांत कुणाच्या लक्षातच आले नाही तर ते बिल विवरणपत्रात जाते, पार्टीला तिच्याकडच्या विवरणात दिसते, आणि मग क्रेडिट नोट काढणे किंवा विवरणपत्रात दुरुस्ती करणे एवढेच हातात उरते. ज्या पार्टीच्या पर्चेसमधून आधीच बिल सहा वेळा परत येते, तिला असे भुताचे बिल दाखवणे कोणत्याही लहान कारखान्याला परवडत नाही.

याचा उपाय साधा आणि उपलब्ध आहे. ई-इन्व्हॉइससाठी चाचणीची स्वतंत्र यंत्रणा असते आणि सॉफ्टवेअर कंपन्यांना ती वापरता येते. पहिले बिल मॅडमनी तिथे काढायचे. १९२ नग, ६५ रुपयांनी १२,४८० रुपये. सीजीएसटी नऊ टक्के १,१२३.२०, एसजीएसटी तेवढाच. एकूण १४,७२६.४०. प्रिंट काढायची आणि जुन्या बिलाशेजारी ठेवून एकेक रकाना पेनाने टिक करत तपासायचा. पीओ नंबर बिलावर छापून आला का? पार्टीचा आयटम कोड आला का? मोठ्या पार्ट्यांच्या गेटवर बिल परत येते ते बहुधा या दोन कारणांनी, कराच्या कारणाने क्वचितच. चाचणी-यंत्रणेतला पत्ता आणि खऱ्या यंत्रणेतला पत्ता सॉफ्टवेअरमध्ये वेगवेगळ्या ठिकाणी लिहिलेला असतो. तो बदलताना आपण कुठे आहोत हे पडद्यावर ठळक दिसत नसेल, तर ट्रेनरने संगणकाच्या कडेला कागद चिकटवावा. चिठ्ठी चिकटवायचीच असेल तर पासवर्डपेक्षा ही चिकटवणे बरे.

बाराच्या सुमारास लॉट बांधून झाल्याचा निरोप शॉपवरून येतो. आता खऱ्या यंत्रणेवर, खऱ्या मालाचे, खरे बिल. आयआरएन येतो, क्यूआर छापला जातो, सरकारी पडताळणी ॲपने मोबाइलवर तो वाचून पाहायचा. चलन, बिल आणि माल टेम्पोत. हा पहिला उपयोगी निकाल. लॉगिनपासून साधारण दोन तास, आणि मधल्या वेळात मॅडमनी रिपोर्टचा एकही मेनू उघडलेला नाही, लोगो चढवलेला नाही, खात्यांच्या यादीला हात लावलेला नाही. ते न केल्याने काहीच अडले नाही.

बिल रद्द करण्याची रीत मात्र याच सत्रात शिकवली पाहिजे, चाचणीच्या यंत्रणेवर, एकदा प्रत्यक्ष करून. पुढच्या खेपेला ठेवण्याच्या आमच्या नियमाला हा एकमेव अपवाद. चूक उद्या झाली तर घड्याळ उद्याच सुरू होईल, आणि पुढचे सत्र आठवड्याने आहे.

मालकाचे समाधान यात लगेच होत नाही, हे आम्ही मान्य करतो. मालकाने सॉफ्टवेअर घेतले ते बहुधा वसुलीसाठी. कोणत्या पार्टीचे किती दिवसांचे येणे बाकी, ही यादी त्याला सकाळी चहाबरोबर हवी असते. सूक्ष्म-लघुउद्योगाच्या कायद्याने पंचेचाळीस दिवसांच्या आत पैसे मिळायला हवेत, आणि प्राप्तिकरातल्या बदलामुळे सूक्ष्म आणि लघु उत्पादकांचे पैसे मुदतीत न देणाऱ्या पार्टीला तो खर्च पैसे प्रत्यक्ष दिल्याशिवाय वजा मिळत नाही. म्हणजे ही यादी आता पूर्वीपेक्षा जास्त मोलाची आहे. पण तिच्यासाठी मागची सगळी थकीत बिले तारखेसह एकेक करून चढवावी लागतात. दोन-अडीचशे ओळी असतात आणि त्यातल्या निम्म्यांवर पार्टीने परस्पर कापून घेतलेल्या रकमा असतात. हे काम पहिल्या सत्रात घेतले, की दुपारी दोनला सगळे थकलेले असतात आणि बिल निघालेले नसते. मालकाला सत्राच्या आधीच सांगितले पाहिजे: आज बिल, पुढच्या मंगळवारी येणे. मधल्या आठवड्यात मॅडमनी थकीत बिलांची यादी एक्सेलमध्ये तयार ठेवायची. आज मालकाने पाहायचा तो फक्त शिल्लक दोनचा पडदा.

हा क्रम सगळ्यांना जसाच्या तसा लागू पडणार नाही. कित्येक जॉबवर्कवाले चलन रोज काढतात आणि मजुरीचे बिल महिन्याच्या शेवटी एकत्र देतात. त्यांचे सत्र वीस तारखेला असेल, तर त्या दिवशीचा उपयोगी निकाल म्हणजे जाणारे चलन आणि जुळलेली शिल्लक. बिलाचे सत्र तीस तारखेला वेगळे घ्यावे. पाच कोटींच्या खालच्या कारखान्याला आयआरएनची धास्ती नाही, पण त्याचेही बिल जीएसटीआर-१ मधूनच पार्टीपर्यंत पोहोचते. आणि तीन प्लांट, साठ युजर असलेल्या मोठ्या कंपनीला एका सत्रात काहीच होणार नाही. तिच्याकडे वेगळी माणसे आणि वेगळे वेळापत्रक असते. आम्हाला काळजी आहे ती चौदा माणसांच्या युनिटची, जिथे ऑफिस म्हणजे दोन खुर्च्या आणि एक प्रिंटर.

सत्र फसले हे ओळखण्याची खूण बुधवारी दिसते. सॉफ्टवेअर कंपन्या लॉगिनची संख्या मोजतात आणि ग्राहक सुरू झाला असे नोंदवतात. लॉगिन फसवे असते. मॅडम रोज सकाळी लॉगिन करून जुन्याच प्रोग्रामात काम करू शकतात. पाहायचे ते दुसरे बिल. बुधवारी, ट्रेनर हजर नसताना, फोन न करता, वेगळ्या पार्टीचे बिल निघाले का? निघाले असेल तर पार्टी मास्टरमध्ये दुसरी नोंद मॅडमनी स्वतः केली, म्हणजे त्यांना रस्ता सापडला. शुक्रवारपर्यंत निघाले नसेल, तर कारण विचारायला ट्रेनरने स्वतः यावे, आणि आल्यावर आधी चलनबुक मागून शेवटच्या पानावरची तारीख पाहावी.

हे सगळे आज होत नाही, कारण ते होण्यात कुणाचेच पैसे अडकलेले नसतात. विकणाऱ्याला पूर्ण रक्कम आगाऊ मिळते, ट्रेनरला भेटीमागे मोजले जाते. कारखानदारांनी आपल्या ऑर्डरमध्ये दोन ओळी घालाव्यात: पहिल्या सत्रात आमच्या माणसाच्या हाताने आमच्या मालाचे खरे बिल निघेल, आणि रकमेचा शेवटचा हिस्सा ट्रेनर नसताना निघालेल्या दुसऱ्या बिलानंतर मिळेल. एकट्या चौदा माणसांच्या युनिटने हे मागितले तर विक्रेता हसून सोडून देईल. नाशिक इंडस्ट्रीज अँड मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन आणि अंबड इंडस्ट्रीज अँड मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन, म्हणजे निमा आणि आयमा, यांनी या दोन ओळींचा एकपानी नमुना तयार करून सभासदांना वाटला, तर कोणालाही हसता येणार नाही. त्या पानावर सोमवारच्या फोनचे प्रश्नही छापावेत: उद्या कोणता माल निघणार, त्याची किंमत किती, एकक कोणते, बिलाचा क्रमांक किती अक्षरांचा, ओटीपी कुणाच्या फोनवर.

आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते. १ एप्रिलला बिलांची मालिका नव्याने सुरू होते, आणि नाशिकमध्ये सॉफ्टवेअर बदलण्याचा मुहूर्त बहुतेक कारखानदार तोच धरतात. त्या आठवड्यात एकेक ट्रेनर दिवसाला चार-चार युनिट उरकत असतो. निमा आणि आयमाला हे पान सभासदांच्या हातात द्यायचे असेल, तर ते फेब्रुवारीतच द्यावे लागेल.